अपघात : निरंक

तुमच्या घरातला माणूस ज्या दिवशी कामावर गेला आणि परत आला नाही, तो दिवस त्याच्या कामाच्या ठिकाणी किती वाजता सुरू झाला होता, हे तुम्ही कधी विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. सोलापूरच्या कोर्टासमोरच्या एका टायपिंग सेंटरमध्ये मी अनुवादाचं काम करते. दोन टेबलं, एक प्रिंटर, उन्हाळ्यात गरम हवा फेकणारा पंखा. खरेदीखतं, मृत्युपत्रं, बँकांच्या नोटिसा, मंगळूरला नाहीतर हैदराबादला झालेल्या लग्नाचे दाखले, असलं सगळं इंग्रजीतून मराठीत करायचं आणि खाली लिहायचं, ‘अनुवाद मुळाबरहुकूम आहे’. त्याखाली सही. त्या एका ओळीवर माझं पोट चालतं.

मी वाढले मात्र पत्रकांवर. वडील छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवणारे. ऑफसेट आल्यावर खिळे गेले आणि ते कागद कापायला लागले, पण छापखाना तोच राहिला. बंद गिरण्यांचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर चिडलेल्या गल्ल्या, सगळ्यांची पत्रकं तिथेच निघायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘जाहीर निषेध’पासून. पत्रकात कोणी नुसता मालक नसतो, मुजोर मालक असतो. दिरंगाई नुसती नसते, संतापजनक असते. माझ्या हाताला ती सवय लागली होती, आणि ती सवय या कामाच्या आड आली म्हणून आधीच सांगते.

अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागलेल्या एका गावातली बाई आमच्याकडे आली ती तिच्या वकिलांबरोबर. वकीलही बाईच, साठीच्या, काळ्या कोटाखाली सुती साडी, आवाज कधीही न चढणारा. सगळं आवार त्यांना मॅडम म्हणतं, मीही म्हणते. बरोबर त्या बाईचा दीर होता. दोघं एकमेकांशी कन्नडात बोलायची आणि आमच्याकडे वळली की मराठीत. बाईचा नवरा गुजरातेत तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर मजूर होता. पाळी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. एका संध्याकाळनंतर तो गेला. गावात आली ती पेटी, आणि तिच्याबरोबर कंपनीचा एक माणूस, जो जेवायलाही थांबला नाही.

कंपनीचं म्हणणं असं होतं : तो त्या संध्याकाळी पाळीवर आलाच नाही. राहण्याच्या कंटेनरमध्ये छातीत दुखलं, दवाखान्यात नेताना गेला. नैसर्गिक मृत्यू. डॉक्टरांच्या कागदावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडून’ असं होतं. कोणता माणूस ती बंद न पडता मरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

बाईला सिद्ध करायचं होतं ते एवढंच : तो कामावर असताना गेला. तेवढं ठरलं तर भरपाई. नाही ठरलं तर ती एका आजारी माणसाची बायको.

कंपनीने कोर्टात एक कागद दिला होता. रिगचा रोजचा अहवाल, त्याच्या मृत्यूच्या तारखेचा. चार पानं, बारीक टाइपात, अर्ध्याहून जास्त आकडे. कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद साधा होता : यात पाहा, त्या संध्याकाळी आणि रात्री ड्रिलिंग सुरळीत चालू होतं. माणूस पाळीवर मेला असता तर काम थांबलं असतं.

“न्यायाधीशांना इंग्रजी येतं,” मॅडम मला म्हणाल्या, “पण अर्ज मराठीत, साक्ष मराठीत, आणि जिच्या सहीवर हे चाललंय तिला इंग्रजी येत नाही. तिला कळलं पाहिजे तिच्याविरुद्ध काय लिहिलंय. ओळ न् ओळ कर. गाळू नकोस.”

“मॅडम, मला यातलं काही कळत नाही.”

“मलाही नाही. म्हणून तर तुझ्याकडे आले. कळल्यासारखं करणारे खूप आहेत आवारात.”

मी बसले. पहिला शब्द अडला तो ‘मड’. आधी मी ‘चिखल’ लिहिलं होतं, ‘चिखलाचे वजन : नऊ पूर्णांक सहा’. वाचून माझं मलाच हसू आलं. कोर्टात कोणी म्हटलं असतं, चिखल कोणी मोजला? दोन दिवस मी यावर जे मिळेल ते वाचत राहिले. मग कळलं की खोदताना पाइपातून खाली सोडतात आणि पाइपाच्या भोवतालच्या जागेतून वर घेतात, तो माती आणि रसायनं कालवलेला जड द्रव म्हणजे मड. तो कापलेला दगड वर आणतो. पण त्याचं खरं काम वेगळंच. खाली खडकात वायू दबून बसलेला असतो. वर हजारो फूट मडचा खांब उभा असतो. खांब पुरेसा जड असला तर वायू जागेवर राहतो. हलका पडला तर वायू विहिरीत शिरतो आणि वर यायला लागतो. म्हणून अहवालात मडचं वजन इतक्यांदा येतं. वजन म्हणजे किती किलो हे नव्हे. एका गॅलनला किती पौंड, म्हणजे घनता. मी ‘मड’ हा शब्द तसाच ठेवला आणि खाली टीप दिली. रिगवर मजूरही मडच म्हणतात.

केसिंग सोपं गेलं. खोदलेल्या भोकात पोलादी नळ उतरवून मागे सिमेंट भरतात, म्हणजे भिंत ढासळत नाही. आपल्याकडे बोअरवेलला घालतात तोच शब्द, तेच काम, फक्त मोठं. या विहिरीत पंधराशे मीटरपर्यंत केसिंग झालं होतं आणि त्याखाली उघड्या खडकात खोदणं चालू होतं. बाकी पंपाचा दाब, खडक कापणाऱ्या बिटावरचा भार, वर येणाऱ्या मडमध्ये किती टक्के वायू, असे रकाने. आणि मधे मोठा तक्ता : कितीपासून कितीपर्यंत, काय काम झालं. त्यात तारीख नव्हती, फक्त वाजलेले तास.

तळाला एक चौकट होती. अपघात : निरंक. शेवटच्या अपघातानंतर सुरळीत गेलेले दिवस, आणि पुढे आकडा.

इंग्रजीत तिथे साधं ‘निल’ लिहिलं होतं, म्हणजे काही नाही. ‘निरंक’ हा शब्द मी कचेरीच्या मराठीतून उचलला. टाइप करताना त्याचा राग आला. अशा शब्दाला शब्दकोशात जागा नसावी असं वाटलं. मग टाइप केला, कारण तोच बरोबर होता.

मॅडमनी सांगितलं, आधी तिला वाचून दाखव, मग मला दे. म्हणून एका दुपारी बाई आणि तिचा दीर सेंटरवर आले. पोत्यासारखी पिशवी, त्यात कडक भाकऱ्या, सकाळच्या एसटीने आलेले. मी तक्ता वाचायला लागले.

सकाळी सहापासून ड्रिलिंग. दुपारी पाइप जोडला. संध्याकाळी सहापासून रात्री आठपर्यंत ड्रिलिंग, मडचे वजन नऊ पूर्णांक सहा, वर येणाऱ्या मडचा परतावा सामान्य. आठपासून पुढे ड्रिलिंग. काही नाही. कुठेही काही नाही. मी वाचत होते आणि बाईचा चेहरा मिटत चालला होता.

दिराने पहिल्यांदा तोंड उघडलं. “म्हंजी त्या टायमाला काम चालूच हुतं.”

“असं यात आहे.”

“मग वैनी, आता किती ताणायचं सांगा. त्यांचा मानूस आला हुता परवा परत. समजुतीनं मिटवा म्हनतोय. सही करा न् मोकळं व्हा.”

“सही कशावर?” मी विचारलं.

“की बाबा आजारानं गेला म्हनून. कायतरी देतील की.”

“तुमचा भाऊ आजारी होता का?”

“मला काय म्हाईत ताई? मी काय गुजरातला हुतो? तुमी खुर्चीत बसून इचारता. हिथं कोर्टाला यायचं म्हंजी मला दोन दिसाचा रोज बुडतो.”

बाई त्याला कन्नडात काहीतरी बोलली, थोडक्यात. मग मला म्हणाली, “ऱ्हायलेलं वाचा.”

राहिलेल्या तीन ओळी होत्या. पहाटे तीनच्या सुमारास पंप क्रमांक दोनचा दाब उतरला. पंप उघडून आतला लायनर, म्हणजे झिजलेलं नळकांडं, बदलला. साडेचारला पुन्हा ड्रिलिंग. सकाळी सहा : ड्रिलिंग चालू.

“हे त्यांनी सांगितलं हुतं की,” बाई म्हणाली.

“काय?”

“पंपाचं. फोन आला हुता. म्हनले पंप इस्कटला रात्री, समदे हात काळे झाले, साबनानं निघंना. आता झोपतो म्हनले.”

“कधी आला फोन?”

“सकाळी. तो शेवटचाच फोन.”

“म्हणजे आदल्या दिवशी?”

“न्हाय हो ताई. त्याच दिवशी. सकाळी बोलले न् राती गेले.”

मी तक्त्याकडे परत पाहिलं. पंपाची ओळ सगळ्यात शेवटी. संध्याकाळ तिच्या वर, म्हणजे आधी. पण हिच्या हिशेबाने पंप आधी आणि मृत्यूची संध्याकाळ नंतर. दोन्ही एकाच तारखेला कसं बसेल? मी पहिल्या पानावर गेले. अहवालाच्या माथ्याचा भाग मी सवयीने शेवटी करायला ठेवला होता. सगळ्या कागदांवर असतोच तसा. त्यात एक ओळ होती : अहवालाचा कालावधी, सहा ते सहा.

रिगवर दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी सहाला बदलतो. सहाला आदल्या चोवीस तासांचा हिशेब लिहितात आणि वर त्या सकाळची तारीख टाकतात. म्हणजे या कागदावर मृत्यूची तारीख होती खरी, पण त्यातली संध्याकाळ आदल्या दिवशीची होती. तो गेला ती संध्याकाळ या चार पानांत कुठेही नव्हती. कागद सकाळी सहाला संपला, आणि माणूस त्यानंतर साबणाने हात धुऊन, बायकोशी बोलून, झोपून, उठून पाळीवर गेला होता.

बाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “मग त्या सांजचा कागद कुटं हाय?”

“दुसऱ्या दिवसाच्या तारखेचा असेल.”

“त्यांच्याकडं हाय?”

“असणारच.”

दीर म्हणाला, “आन् त्यात बी असंच आसलं तर?” हे बोलताना त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

खात्री करायला आम्ही बाईच्या नवऱ्याच्याच रिगवर असलेल्या गावच्या एका मजुराला फोन लावला. यानेच नवऱ्याला त्या कामावर नेलं होतं. तो तेव्हा तिथेच दुसऱ्या पाळीला होता आणि अजून त्याच ठेकेदाराकडे काम करत होता. मी स्पीकर लावला.

“व्हय, सहाला. सहाला बदलतंय समदं. ते काय इचारायचं?”

“त्या संध्याकाळी काय झालं?”

तो म्हणाला, “वैनी हायत का तितं?”

“हाय,” बाई म्हणाली.

“वैनी, मी लांब हुतो. कॅम्पात. सायरन झाला तवा आमास्नी पळायला लावलं. तो शेकरवर हुता. मड चाळतंय की, ती चाळणी. गॅस तितनंच वर आला म्हनं. मी बघितलं न्हाय.” मग, “माझं नाव नगा घालू. माझं बी घर हाय.”

“न्हाय घालत,” ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मला संताप आला होता तो त्याचा नव्हे. चुकीच्या दिवसाचा कागद कोर्टात देणाऱ्यांचा. मॅडमना मी म्हटलं, हे मुद्दाम केलंय, निर्लज्जपणे. त्या चष्मा पुसत होत्या.

“असेलही. नसेलही. त्यांच्या ऑफिसातल्या कोणी तारीख जुळवून फाइलमधून काढून दिला असेल. त्यांचा वकील तरी रिगवर कधी गेलाय? तारखेला तारीख जुळली, झालं. माझीही जुळली होती.” मग म्हणाल्या, “तुला कोणाचा हेतू सिद्ध करायचाय की दुसऱ्या दिवशीचा अहवाल हवाय?”

त्यांनी अर्ज केला. तारखा पडत गेल्या. कंपनीने हरकत घेतली, मग मुदत मागितली, मग न्यायाधीशसाहेब रजेवर होते. दर तारखेला बाई पहिल्या एसटीने यायची, आवारातल्या लिंबाखाली बसायची. दीर कधी यायचा, कधी नाही. अखेर तो अहवाल आला आणि माझ्या टेबलावर पडला.

मी तो सकाळी उघडला आणि संपेपर्यंत उठले नाही. दुपारपर्यंत ड्रिलिंग. वर येणाऱ्या मडमधला वायू हळूहळू वाढत होता. रकान्यात टक्के चढत होते, आणि मडचं वजन तेच होतं, नऊ पूर्णांक सहा. संध्याकाळी सहानंतर, म्हणजे रात्रीची पाळी चढल्यावर, टाक्यांमधला मड आपोआप वाढला. याचा अर्थ खालून काहीतरी आत शिरून मडला वर ढकलत होतं. पंप थांबवून पाहिलं. थांबल्यावरही विहीर वाहतच होती. विहीर बंद केली. मग दोन दाब नोंदले होते : पाइपातला तीनशे पन्नास, केसिंगच्या बाजूचा पाचशे ऐंशी. विहीर बंद झाल्यावर खाली किती जोर आहे हे त्या पाइपाच्या आकड्यावरून कळतं, आणि त्यावरून किती जड मड लागेल ते काढतात. तेही लिहिलं होतं : दहा पूर्णांक पाच. म्हणजे आधीचा मड इतका कमी पडत होता. मग शिरलेला वायू थोडाथोडा बाहेर काढण्याचं काम. आणि त्यातच एक ओळ : ‘शेकरवर वायू आढळला. परिसर रिकामा केला.’ पुढच्या ओळीत पुन्हा दाब. पहाटेपर्यंत जड मड भरून झाला होता, दोन्ही दाब शून्यावर आले होते. विहीर शांत.

मनुष्यबळाच्या रकान्यात ठेकेदाराची माणसं आदल्या अहवालात अठ्ठेचाळीस होती. इथे सत्तेचाळीस.

बाकी त्याच्याबद्दल काही नाही. आणि तळाशी, त्याच चौकटीत, अपघात : निरंक. सुरळीत गेलेल्या दिवसांच्या आकड्यात एक वाढलेला.

त्या दिवशी मी जो अनुवाद केला त्यात ‘शेकरवर वायू आढळला’च्या जागी ‘शेकरवर घातक वायू पसरला’ असं होतं. वायू वाढत असूनही मड जड केला नाही, अशी एक टीपही मी खाली जोडली होती. मॅडमनी ते वाचलं आणि पेन्सिलीने दोन्ही ठिकाणी बारीक रेघ मारली.

“हे मुळात आहे?”

“अर्थ तोच आहे.”

“अगं, मी अर्थ विचारला नाही. तू ड्रिलिंगची इंजिनिअर आहेस का? त्यांचा वकील तुला पिंजऱ्यात उभं करेल आणि विचारेल, घातक हा शब्द दाखवा. तू दाखवू शकणार नाहीस. मग तो म्हणेल, हा अनुवाद नव्हे, हे पत्रक आहे. आणि सगळंच्या सगळं जाईल. ते पंपाचंसुद्धा.”

“मग एक माणूस मेला आणि त्यांनी निरंक लिहिलं, तेही तसंच ठेवायचं?”

“तेच तर ठेवायचं. त्यांच्याच शब्दांत.”

मी भांडले. वडिलांकडे छापखान्यात जाऊनही भांडले. ते कागदाच्या कटरवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, “पत्रक वाचणारा आधीच आपल्या बाजूचा असतो पोरी. कोर्टाचं तसं नाही.” मला ते उत्तर अजूनही पुरेसं वाटत नाही. पण मी ‘घातक’ काढला, टीप काढली. जिथे मूळ मुकं होतं तिथे मीही मुकी राहिले. खाली लिहिलं, अनुवाद मुळाबरहुकूम आहे.

त्या नागड्या पानांनी मात्र काम केलं. संध्याकाळी सगळं सुरळीत होतं, असं कंपनीने शपथेवर सांगितलं होतं; त्यांच्याच अहवालात ती विहीर बंद करावी लागली होती. मॅडमनी लगेच पुढचा अर्ज टाकला : त्या रात्रीच्या पाळीची हजेरी आणा, आणि त्या पाळीवरचा ड्रिलर, खोदण्याचं यंत्र चालवणारा, साक्षीला बोलवा. गावच्या मजुराचं नाव त्यात कुठेही नव्हतं. हजेरी आलीच नाही. पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी एक पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, अर्ध्या पानाची : मयत घटनेच्या वेळी कामावर होता, ही बाब अर्जदारास मान्य असल्याप्रमाणे सामनेवाल्यासही मान्य. साक्षीदाराची आवश्यकता नाही.

ती पुरशिस मराठीतच होती. माझी गरज पडली नाही. मॅडमनी ती बाईला वाचून दाखवली. कोर्टाच्या पायऱ्यांवर, ऊन चढलेलं. दीर तिथेच होता. तो खाली बसला आणि डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिची शिवण बघत राहिला.

“मंजी कामावर हुते,” बाई म्हणाली.

“कामावर होते. त्यांनीच मान्य केलं.”

“मला ठावंच हुतं की.”

मॅडम आत गेल्या. दीर थोड्या वेळाने म्हणाला, “वैनी, मी सही कर म्हनलो हुतो.” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “म्हनला हुतास. चहा आन जा.” तो उठला, मला विचारलं, “ताई, साखर चालती न्हवं?” आणि गेला.

तो गेल्यावर तिने पिशवीतून माझ्या अनुवादाची प्रत काढली. तिला अक्षरओळख होती, गावच्या शाळेत चौथीपर्यंतची. तिने शेवटचं पान उलगडलं आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं.

“हे अजून तसंच हाय.”

“हो. ते त्यांच्या अहवालात आहे.”

“पर आता त्यांनीच मान्य केलं की. मग हे बदलतील न्हवं?”

बदलणार नव्हते. अहवाल एकदा वर पाठवला की तो त्या विहिरीच्या फायलीत राहतो. पुढे कधी कोणी ती विहीर उघडेल, मडचं वजन किती होतं, केसिंग कुठपर्यंत आहे, दाब किती आला ते शोधेल. त्याला सगळं सापडेल. त्या रात्री तिथे कोणी मेलं, हे सापडणार नाही. मी तिला तसं सांगितलं.

“इंग्रजीत ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “हे तर तुमी लिवलंय न्हवं? मराठीत तरी दुरुस्त करा की.”

मला तिला सांगावं लागलं की करता येत नाही. माझ्या सहीखाली लिहिलंय तसं, ते मुळाबरहुकूम आहे. तिने मान हलवली, जशी ती दर तारखेला पुढची तारीख ऐकून हलवायची. पानाची घडी केली, भाकऱ्यांच्या फडक्याखाली ठेवली. दीर चहा घेऊन आला. आम्ही तिघांनी तो प्यायला. दुपारच्या एसटीने ते गेले.

त्या कागदावर मला जे लिहिता आलं नाही ते इथे लिहिते, कारण इथे माझ्या डोक्यावर मूळ नाही. त्या संध्याकाळी त्या रिगवर अपघात झाला. एक माणूस चाळणीपाशी उभा राहून आपलं काम करताना मेला. सुरळीत गेलेल्या दिवसांचा तो आकडा खोटा आहे आणि अजूनही रोज वाढत असेल.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरातलं किंवा गल्लीतलं कोणी रिगवर, खाणीत, कारखान्यात पाळीने कामाला असेल, तर त्याला आज फोन करा आणि दोन गोष्टी विचारा : तुझ्याकडे तारीख किती वाजता बदलते, आणि तुझी हजेरी कोण लिहितं? उत्तर घरातल्या कॅलेंडरमागे लिहून ठेवा. आणि कधी कोणी कागद घेऊन सहीसाठी दारात आलाच, तर तो ज्याच्या माणसाबद्दल आहे त्याला मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. मग त्याच्या दुसऱ्या दिवशीचा कागद मागा. तो येईपर्यंत पेन हातात घेऊ नका.